पॅड, टॅम्पॉन की कप? तीन पाळ्यांत स्वतः मोजून कसं ठरवायचं

"मावशी, पॅडच वापरत राहू, टॅम्पॉन घेऊ की सरळ कप?" भाचीनं मला हे विचारलं तेव्हा ती वीस वर्षांची होती. तोवर आई जे पॅड आणायची तेच ती वापरत आली होती. स्वतःसाठी निवड करायची तिची ही पहिलीच वेळ. तिला लगेच उत्तर द्यायचं मी टाळलं, कारण तेव्हा मला तिच्याबद्दल तीन गोष्टी माहीत नव्हत्या. पाळीच्या सर्वांत जड दिवशी तिला किती रक्तस्राव होतो, त्या दिवशी ती सलग किती तास बाहेर असते, आणि बदलायची वेळ येते तेव्हा ती जिथे असते तिथे पाणी आणि आडोसा असतो का. या तीन गोष्टी कळल्या की निवड बरीचशी आपोआप होते. त्या कळल्या नाहीत तर मैत्रिणीला जे सोयीचं पडलं ते आपण घेतो आणि दोन महिन्यांत कपाटात टाकून देतो.

म्हणून आम्ही तीन पाळ्यांचा बेत आखला. पहिल्या पाळीत फक्त मोजायचं, पुढच्या दोन पाळ्यांत करून बघायचं. तोच बेत इथे क्रमानं सांगते.

पहिली पाळी : हातात पॅड, शेजारी वही

सुरुवात पॅडनंच करावी असं माझं ठाम मत आहे. टॅम्पॉन आणि कप योनीमार्गात घालायचे असतात. पॅड बाहेर राहतं, ते लावायला काही शिकावं लागत नाही, आणि किती भिजलं ते डोळ्यांना दिसतं. पहिली पाळी आलेल्या मुलीपासून कुणालाही ते चालतं. बाळंतपणानंतर साधारण सहा आठवडे आणि योनीमार्गात संसर्ग असताना तर पॅडच वापरायचं, कारण तेव्हा आत काहीच ठेवायचं नसतं.

पॅड बदलताना प्रत्येक वेळी वहीत तीनच गोष्टी लिहा. किती वाजता बदललं, ते पूर्ण भिजलं होतं, अर्धं की थोडं, आणि डाग कुठे लागला. भाचीच्या वहीत पाच दिवसांचा हिशेब असा निघाला : पहिल्या दिवशी ३ पॅड, दुसऱ्या दिवशी ५, तिसऱ्या दिवशी ४, चौथ्या दिवशी ३ आणि पाचव्या दिवशी २. एकूण १७. दुसऱ्या दिवशी दुपारी साधं पॅड साडेतीन तासांत पूर्ण भिजायचं, आणि त्याच दिवशी ती सात तास घराबाहेर असायची. तिची खरी अडचण तेवढीच होती. बाकीच्या चार दिवसांत पॅडबद्दल तिची काही तक्रार नव्हती.

डाग कुठे लागतो यावरूनही बरंच कळतं. कडेला लागत असेल तर पॅड नीट चिकटलेलं नाही, त्याला पंख नाहीत, किंवा निकर सैल आहे. झोपेत मागच्या बाजूला लागत असेल तर पॅड आखूड पडतंय. ते अजून जाड घेऊन उपयोग नाही, लांब घ्यायला हवं. डाग मध्यभागी पॅडच्या आरपार जात असेल, तरच शोषण कमी पडतंय किंवा बदलायला उशीर होतोय असं समजावं. पुष्कळ जणी पहिल्या दोन तक्रारींवर महागडं जाड पॅड घेतात आणि डाग तसेच लागत राहतात.

पॅड कितीही कोरडं वाटलं तरी चार ते सहा तासांनी बदलावं. आतली जेल द्रव धरून ठेवते, पण कातडीजवळचा ओलावा आणि घर्षण चालूच असतं. मांडीच्या सांध्यात लाली येणं, चुरचुरणं हे बहुतेक वेळा त्यामुळेच होतं. सुगंधी पॅडनं त्रास वाढू शकतो, म्हणून रॅश आली तर आधी बिनवासाचं पॅड घेऊन बघा, मग कंपनी बदला. वापरलेलं पॅड कागदात गुंडाळून कचऱ्यात टाका. संडासात टाकलेलं पॅड पाणी पिऊन फुगतं आणि नळी तुंबवतं.

याच पाळीत आणखी एक गोष्ट करून ठेवायची आहे. कपाचा विचार असेल तर तिच्यावाचून पुढे जाता येत नाही. हात स्वच्छ धुवा, उकिडवं बसा आणि मधलं बोट हळूच योनीमार्गात घाला. आत गेल्यावर नाकाच्या शेंड्यासारखा काहीसा टणक, गोल भाग बोटाला लागतो. ते गर्भाशयमुख. बोट पहिल्या पेरापर्यंत गेल्यावरच ते लागलं तर ते खाली आहे, दुसऱ्या पेरापर्यंत गेल्यावर लागलं तर मध्यम, आणि अख्खं बोट घालूनही जेमतेम लागलं किंवा लागलंच नाही तर वर आहे. महिनाभर ते एका जागी राहत नाही, म्हणून ही मोजणी पाळी चालू असतानाच आणि दोन वेगवेगळ्या दिवशी करायची. भाचीचं पहिल्या दिवशी मध्यम आणि तिसऱ्या दिवशी थोडं खाली लागलं. हे वहीत लिहून ठेवलं.

बोट घालायलाच भीती वाटत असेल तर घाई नको. पॅड वापरत राहा, त्यात काही कमीपणा नाही. एवढं मात्र माहीत असू द्या, की योनीमार्ग वरच्या टोकाला गर्भाशयमुखानं बंद असतो. गर्भाशयमुखाचं तोंड इतकं बारीक असतं, की टॅम्पॉन किंवा कप त्यातून पोटात जाऊच शकत नाही. लघवीची वाट वेगळी असते, त्यामुळे दोन्ही घातलेले असताना लघवी करता येते. राहिला पडद्याचा प्रश्न. योनीच्या तोंडाशी असलेली ही पातळ घडी ताणली जाते, तिचा आकार प्रत्येकीचा वेगळा असतो, आणि तिच्यावरून कुणाचा शरीरसंबंध झाला आहे की नाही हे ठरवता येत नाही. टॅम्पॉन किंवा कपानं ती ताणली जाऊ शकते, क्वचित थोडी फाटूही शकते. वैद्यकीयदृष्ट्या त्याला याहून जास्त अर्थ नाही.

दुसरी पाळी : टॅम्पॉन करून बघणं

टॅम्पॉन म्हणजे दाबून बसवलेली कापसासारखी गुंडाळी. ती आत रक्त शोषते आणि तिचा दोरा बाहेर राहतो. पोहायला जाणाऱ्यांना आणि खेळाडूंना तो फार सोयीचा पडतो. नवख्या मुलीनं एका गोष्टीकडे लक्ष द्यावं, ती म्हणजे शोषणक्षमता. पाकिटावर ती थेंबांच्या चिन्हांनी किंवा नावानं दिलेली असते. हलका टॅम्पॉन ६ ग्रॅमपर्यंत द्रव धरतो, साधा ६ ते ९ ग्रॅम आणि त्यावरचा सुपर ९ ते १२ ग्रॅम. नियम असा, की काम भागेल त्यातला सर्वांत कमी क्षमतेचा घ्यायचा. जास्त क्षमतेचा घेऊन दिवसभर निर्धास्त राहू, हा विचार धोक्याचा आहे.

तो का, हे समजून घ्यायला हवं. १९८० च्या सुमारास अमेरिकेत फार शोषक टॅम्पॉन वापरणाऱ्या स्त्रियांमध्ये टॉक्सिक शॉक सिंड्रोम या गंभीर आजाराचे बरेच रुग्ण आढळले. स्टॅफिलोकॉकस ऑरिअस हा जिवाणू तयार करत असलेलं विष रक्तात गेलं की हा आजार होतो. आज तो फार दुर्मिळ आहे. पण झालाच तर काही तासांत जिवावर बेतू शकतो, म्हणून त्याची लक्षणं पाठच असावीत : अचानक ३९ अंशांच्या आसपास किंवा त्याहून जास्त ताप, उलट्या किंवा जुलाब, अंगदुखी, चक्कर, आणि उन्हानं भाजल्यासारखी लाल कातडी. आत टॅम्पॉन किंवा कप असताना असं काही झालं तर तो लगेच काढायचा, त्याच तासाला दवाखाना गाठायचा, आणि आपण टॅम्पॉन किंवा कप वापरत होतो हे डॉक्टरांना स्वतःहून सांगायचं. कप वापरणाऱ्यांमध्येही या आजाराच्या तुरळक नोंदी आहेत.

टॅम्पॉन चार ते आठ तासांत बदलायचाच, आठच्या वर एक तासही नाही. आठ तासांपेक्षा जास्त झोपणार असाल तर रात्री पॅड लावा.

घालताना बहुतेकींची एकच चूक होते : तो सरळ वर ढकलला जातो. योनीमार्ग सरळ वर जात नाही, तो कमरेच्या माकडहाडाकडे तिरका जातो. एक पाय बादलीवर किंवा कमोडच्या कडेवर ठेवा, श्वास सोडा आणि टॅम्पॉन मागच्या दिशेनं सरकवा. बोटानं घालायचा असेल तर मधलं बोट जवळजवळ पूर्ण आत जाईपर्यंत. पुठ्ठ्याच्या किंवा प्लॅस्टिकच्या नळीचा असेल तर बाहेरची नळी पकडीच्या खाचेपर्यंत आत न्यायची, मग आतली नळी ढकलायची आणि दोन्ही नळ्या बाहेर काढायच्या. नीट बसलेला टॅम्पॉन जाणवत नाही. चालताना टोचत असेल तर तो खूप आत गेलेला नसतो, उलट पुरेसा आत गेलेला नसतो. बोटानं आणखी सरकवा, नाहीतर काढून नवा घाला.

काढताना दोरा खाली आणि पुढच्या दिशेनं हलकेच ओढायचा. तो कोरडा, अडकत, खरवडत आला, तर त्या वेळेच्या रक्तस्रावासाठी तो जास्त शोषक होता. पुढचा हलका घ्या किंवा पॅडवर या. पाळी येईल म्हणून आधीच कोरड्या दिवशी टॅम्पॉन घालून ठेवू नका. आणि पाळी संपताना शेवटचा काढल्याची स्वतःशी खात्री करून घ्या. विसरून राहिलेल्या टॅम्पॉनमुळे काही दिवसांनी उग्र वास आणि स्राव सुरू झाल्यावर डॉक्टरांकडे धावलेल्या स्त्रिया कमी नाहीत.

भाचीला टॅम्पॉन बसवायला तिसऱ्या प्रयत्नात जमलं. पाळीच्या दुसऱ्या दिवशी मात्र साधा टॅम्पॉन साडेतीन तासांत भरून दोऱ्यावरून गळू लागला, म्हणजे पॅडपेक्षा वेळ काही वाढली नाही. तिची मूळ अडचण तशीच राहिली. शिवाय रात्री पॅड, शेवटच्या हलक्या दिवसांत पॅड, म्हणजे दोन पाकिटं सांभाळणं आलं. टॅम्पॉन एकटा क्वचितच पुरतो, हे खर्चाचा विचार करताना लक्षात ठेवावं. संख्या पॅडइतकीच लागते आणि पॅडचं पाकीट घरात राहतंच.

तिसरी पाळी : कप शिकणं

कप हा मऊ वैद्यकीय दर्जाच्या सिलिकॉनचा, घंटेच्या आकाराचा असतो. तो रक्त शोषत नाही, साठवतो. बहुतेक कपांत २० ते ३० मिलिलिटर मावतं आणि तो जास्तीत जास्त १२ तास ठेवता येतो. नीट सांभाळला तर तोच कप काही वर्षं, बऱ्याच उत्पादकांच्या सांगण्यानुसार दहापर्यंतही, चालतो. २०१९ साली लॅन्सेट पब्लिक हेल्थ या वैद्यकीय नियतकालिकात कपावरच्या ४३ अभ्यासांचा आढावा छापून आला. गळती पॅड आणि टॅम्पॉनएवढीच किंवा कमी, आणि सवय व्हायला काही पाळ्या लागतात, असं त्यात दिसलं. मी पाहिलेल्या मुलींचाही अनुभव तोच. पहिल्या पाळीत वैताग, दुसरीत थोडं बरं, तिसरीत जमतं. म्हणून पहिल्याच प्रयत्नावरून कपाला नापास करू नका.

निवडताना आधी लांबी बघा. गर्भाशयमुख खाली असेल तर आखूड कप, नाहीतर कपाच्या तळाला असलेला देठ बाहेर टोचतो. ते वर असेल तर लांब कप, नाहीतर काढताना बोट पोहोचत नाही. मग रुंदी : बाळंतपण न झालेल्या तरुणीला सहसा लहान माप बसतं. घट्टपणा मात्र कुणी विचारात घेत नाही. फार मऊ कप आत उघडत नाही. फार टणक कप सहज उघडतो, पण मूत्राशयावर दाबतो. नवख्या मुलीला मध्यम घट्ट बरा. भाचीनं आखूड ते मध्यम लांबीचा, लहान मापाचा, २५ मिलिलिटरचा कप घेतला.

गर्भनिरोधक तांबी बसवलेली असेल तर आधी डॉक्टरांशी बोला. कप काढताना ओढ बसून किंवा तांबीचा दोरा हातात येऊन ती सरकण्याचा धोका वाढतो.

पहिल्या वापराआधी कप पाच मिनिटं उकळा. भांड्यात भरपूर पाणी घ्या आणि तिथून हलू नका, कारण पाणी आटलं की कप तळाला चिकटून जळतो. मग पाळीच्या पहिल्या किंवा दुसऱ्या दिवशी, घरी असताना, कुठे जायची घाई नसताना हा प्रयोग करा. कोरड्या दिवशी सराव केला तर उगाच दुखतं आणि मनात भीती बसते. आंघोळीच्या वेळी करणं सगळ्यांत सोपं.

हात धुवा. कप पाण्यानं ओला करा. तर्जनीनं काठाचा एक बिंदू आत, तळाकडे दाबा, म्हणजे वरचं टोक कळीसारखं निमुळतं होतं. कप घडी घालायच्या बऱ्याच पद्धती आहेत, पण आत शिरायला ही सर्वांत अरुंद, म्हणून पहिल्यांदा हीच करा. उकिडवं बसा, घडी घट्ट धरा, लांब श्वास सोडत कप माकडहाडाच्या दिशेनं आत सरकवा आणि मग बोटं सोडा. तो फट्कन उघडल्याचं बऱ्याचदा जाणवतं. तरी त्यावर विसंबू नका. कपाच्या तळाभोवती बोट फिरवून बघा. सगळीकडून गोल लागला तर उघडला. कुठे खड्डा लागला तर तळ धरून कप अर्धा फेरा फिरवा, किंवा खड्ड्याच्या बाजूची योनीची भिंत बोटानं किंचित बाजूला करा, आत हवा गेली की तो उघडतो. कप टॅम्पॉनपेक्षा खाली बसतो. देठ आतच, अगदी तोंडाशी असायला हवा.

पहिल्याच दिवशी, घातल्यावर तासाभरात, तो काढूनही बघा. घालता आला पण काढता येईना, या भीतीनं जितक्या मुलींनी कप सोडला तितक्या गळतीनंही सोडला नसेल. उकिडवं बसून शौचाच्या वेळी देतो तसा खाली हलका जोर द्या. देठ बोटात येईल. देठ ओढायचा नाही, त्याचा उपयोग फक्त वाट दाखवायला. त्याच्या आधारानं वर जाऊन कपाचा तळ अंगठा आणि तर्जनीच्या चिमटीत दाबा. दाबल्यावर आतलं ओढून धरणं सुटतं, क्वचित बारीक आवाजही येतो. हे ओढून धरणं न सोडवता खेचलं तर दुखतं. आता डावीकडे-उजवीकडे हलवत खाली आणा. तोंडाशी आल्यावर थोडा तिरका करा, म्हणजे काठाची एक बाजू आधी बाहेर येते. मग सरळ धरून ओता.

बोट पोहोचेना तर हाताला विश्रांती द्या. शरीर घट्ट झालेलं असतं, म्हणून अर्धा तास चालून या आणि पुन्हा उकिडवं बसा. कप कुठेही जात नाही. बारा तास होत आले आणि तरी निघेना, तर डॉक्टरांकडे जा. तो काढून देणं त्यांच्यासाठी दोन मिनिटांचं काम आहे, लाजण्यासारखं त्यात काही नाही.

गळती झाली तर ती कधी झाली ते बघा. घातल्यावर तासाभरातच डाग दिसला, तर कप उघडलेला नाही. पाच-सहा तासांनी लागला आणि काढल्यावर कप काठोकाठ होता, तर तो भरला, लवकर ओतायला हवा. पण कप अर्धाच भरलेला, नीट उघडलेला आणि तरी डाग, तर बहुधा गर्भाशयमुख कपाच्या आत येण्याऐवजी बाजूला राहिलंय. अशा वेळी आधी बोटानं ते कुठे आहे ते शोधा आणि मग कप त्या दिशेला धरून घाला. भाचीचं दुसऱ्या दिवशी नेमकं हेच झालं. तिचं गर्भाशयमुख किंचित मागे होतं, आणि ती कप सरळ वर नेत होती.

लघवीची धार बारीक झाली, थांबून थांबून होऊ लागली किंवा पुन्हा पुन्हा जावंसं वाटलं, तर कप काढा. तो मूत्राशयावर दाबतोय. एकदा बसवताना असं झालं तर जरा खाली बसवून बघा. प्रत्येक वेळी होत असेल तर मऊ किंवा लहान कप हवा. अशी तक्रार अंगावर काढू नका. शौचाला जोर देताना कप खाली सरकतो, तेव्हा नंतर बोटानं पुन्हा वर सारून घ्यावा. देठ टोचत असेल तर एक पूर्ण पाळी वाट पाहून मगच थोडा थोडा कापा, आणि कप बाहेर काढूनच.

रोज ओतल्यावर साध्या पाण्यानं धुवा, शक्य असेल तेव्हा बिनवासाच्या सौम्य साबणानं. काठाखालची बारीक भोकं बंद झाली असतील तर कपात पाणी भरून तळहातानं झाका आणि दाबा, पाणी भोकांतून बाहेर येतं. ती बंद राहिली तर काढताना ओढ बसते. पाळी संपली की पुन्हा पाच मिनिटं उकळा, पूर्ण वाळवा आणि सुती पिशवीत ठेवा. हवाबंद डबीत ठेवला तर वास धरतो. कपाचा रंग बदलला तरी बिघडत नाही. तो चिकट लागला, त्याला चीर गेली किंवा पावडर सुटली, तर तो टाकून द्या. खोबरेल तेल किंवा इतर कोणतंही तेल लावू नका, पाणी पुरतं.

पाण्याचा प्रश्न

कपाबद्दलची खरी अडचण ही आहे. बाहेरच्या संडासात आत नळ नसेल तर? भाचीनं एक गणित केलं. बऱ्याच कपांवर मिलिलिटरच्या रेषा असतात. पाळीच्या दुसऱ्या दिवशी घरी असताना सहा तासांत तिच्या कपात १२ मिलिलिटर साठलं. म्हणजे ताशी दोन मिलिलिटर. तिचा कप २५ मिलिलिटरचा, तेव्हा तो भरायला बारा तास लागणार. बाहेर ती सात तासच असते. म्हणजे सकाळी निघताना घालायचा आणि घरी आल्यावर काढायचा, मधे काही करायची गरजच नाही. जिला ताशी चार मिलिलिटर होतं तिला मात्र सहा तासांत तो काढावाच लागेल. तिनं पाण्याची छोटी बाटली जवळ ठेवावी. हात बाहेरच्या नळावर धुऊन आत जावं, कप ओतून बाटलीच्या पाण्यानं विसळावा. पाणी अजिबात नसेल तर स्वच्छ कागदानं पुसून घातला तरी चालतं, पुढच्या वेळी धुवावा. पण जिथे हात धुवायलाच सोय नाही, तिथे कप किंवा टॅम्पॉनला हात लावू नये, पॅड लावावं. घरी कप उकळायला निवांत जागा किंवा वेगळं भांडं मिळत नसेल, तर कप घेण्याआधी त्याची सोय करा.

रेषांचा आणखी एक उपयोग आहे. पाळीत सरासरी ३० ते ४० मिलिलिटर रक्त जातं आणि ८० च्या वर गेलं तर ते जास्त समजतात. कपात रक्ताबरोबर इतर स्रावही असतो, म्हणून कपातला आकडा खऱ्या रक्तापेक्षा मोठा दिसतो हे ध्यानात ठेवा. पण दर तासा-दोन तासाला पॅड किंवा टॅम्पॉन पूर्ण भिजत असेल, अडीच सेंटिमीटरपेक्षा मोठ्या गुठळ्या पडत असतील किंवा पाळी सात दिवसांपुढे जात असेल, तर जास्त मोठा कप शोधत बसू नका, आधी डॉक्टरांना दाखवा.

खर्च कसा मोजायचा

दुकानातली किंमत बघून कप महाग वाटतो. तो पॅडमध्ये मोजा. कपाच्या किमतीला एका पॅडच्या किमतीनं भागा. समजा उत्तर ८५ आलं, म्हणजे एक कप ८५ पॅडच्या किमतीचा. भाचीला पाळीला १७ पॅड लागतात. सरळ भागलं तर पाच पाळ्यांत कप वसूल व्हावा. प्रत्यक्षात शिकण्याच्या पहिल्या तीन पाळ्यांत तिनं कपाबरोबर आधाराला पातळ पॅडही लावले, दर पाळीला आठ. म्हणजे तिचे नऊच वाचले, तीन पाळ्यांत २७. राहिले ५८. पुढे शेवटच्या दिवशी ती दोन पॅड वापरते, म्हणजे दर पाळीला १५ वाचतात. आणखी चार पाळ्या. एकूण सात पाळ्यांनी कप फुकटात पडू लागला. २८ दिवसांच्या चक्रानं वर्षात १३ पाळ्या येतात, म्हणजे पॅडवर राहिली असती तर वर्षाला २२१ पॅड लागले असते.

हेच गणित दोन दिवसांत सात-आठ पॅडवर पाळी संपणाऱ्या मुलीसाठी करून बघा. तिचा कप वसूल व्हायला वर्ष लागेल, आणि तिची मूळ अडचण काय तर काहीच नाही. तिला मी कप घे असं सांगणार नाही. आठवड्यातून चार दिवस पोहणारी आणि मध्यम पाळी असलेली मुलगी असेल तर पोहण्याच्या वेळेपुरता टॅम्पॉन आणि एरवी पॅड, एवढ्यावर तिचं छान भागतं. कप शिकायची हौस असेल तर तिनं तो पुढे सुट्टीत शिकावा, परीक्षेच्या किंवा प्रवासाच्या महिन्यात नाही.

भाची आता पाळीच्या पहिल्या चार दिवसांत दिवसा आणि रात्रीही कप घालते, आणि पाचव्या दिवशी पातळ पॅड. पिशवीत दोन पॅड कायम असतात, कारण पाळी दोन दिवस आधी आली की कप घरी राहिलेला असतो. वही तिनं बंद केली नाही. मध्यंतरी एका महिन्यात ताशी दोनऐवजी साडेतीन मिलिलिटर भरलं, तेव्हा तिनं मला फोन केला. पुढच्या महिन्यातही तसंच झालं तर डॉक्टरांकडे जायचं, असं आम्ही ठरवलं. पुढच्या महिन्यात आकडा पुन्हा दोनवर आला.